‘पाटलाने जमीन दिली’ : इथे ‘अ’ की ‘द’?

मागच्या महिन्यात वरवे बुद्रुकला गेले होते. पुणे-सातारा रस्त्यालगतचं हे भोर तालुक्यातलं गाव. तिथली एक मुलगी पीएचडीच्या प्रवेशासाठी संशोधन आराखडा तयार करते आहे. मला ती ताई म्हणते. आराखडा इंग्रजीत द्यायचा होता आणि त्यात तिने एका मराठी कागदाचा उतारा भाषांतर करून घातला होता. ‘ताई, फक्त आर्टिकलं बघून दे, बाकी झालंय,’ असं म्हणून तिने वही पुढे केली. दहा मिनिटांचं काम म्हणून मी बसले, आणि उठेपर्यंत दिवेलागण झाली. कारण आर्टिकल बघता बघता तिच्या आराखड्यातला एक मुख्य मुद्दाच डळमळीत झाला. तो कसा, हे तुम्हाला सांगायचं आहे. तुमच्यापैकी बरेच जण मराठी साधनं वाचणार आणि प्रबंध इंग्रजीत लिहिणार आहात. हा खड्डा तुमच्याही वाटेवर आहे.

मूळ कागद तिच्या अभ्यासाचा, म्हणून तो इथे देत नाही. त्याच वळणाचा एक सोपा उतारा मी रचला आहे. आपण त्यावरच काम करू. आधीच्या परिच्छेदात गावाचं नाव येऊन गेलेलं आहे असं धरा.

‘गावात देऊळ होते. देवळाजवळ विहीर होती. पाटलाने देवळाला जमीन इनाम दिली. जमीन ओढ्याच्या काठी होती. पुढे जमिनीवरून वाद झाला. पंच बसले. पंचांनी निवाडा दिला. निवाडा पंत सचिवांकडे गेला.’

यात एकही अडलेला शब्द नाही. आता तिच्या भाषांतराच्या वळणाने याचं इंग्रजी करू. इंग्रजी वाक्यंसुद्धा मी देवनागरीतच लिहिते आहे. त्याचा एक फायदा पुढे कळेल.

‘इन द व्हिलेज द टेम्पल वॉज. निअर द टेम्पल द वेल वॉज. द पाटील गेव्ह द लँड टु द टेम्पल अॅज द इनाम. द लँड वॉज ऑन द बँक ऑफ द स्ट्रीम. लेटर द डिस्प्यूट अरोज ओव्हर द लँड. द पंच सॅट. द पंच गेव्ह द रूलिंग. द रूलिंग वेंट टु द पंत सचिव.’

मोजा, अठरा वेळा ‘द’ आहे. मी विचारलं, ‘अगं, प्रत्येक नामाला द का लावलास?’ ती म्हणाली, ‘आधी एकही लावला नव्हता, तर सरांनी लाल खुणा केल्या. म्हणून मग सगळीकडे लावला.’ आपल्यातल्या बहुतेकांची हीच कथा आहे. आधी एकही नाही, मग सगळीकडे.

यात दोष मराठीचा नाही. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ हे शब्द नाहीत, पण त्यांचं काम मराठीत होतच नाही असं मात्र समजू नका. ते काम मराठी वेगळ्या हातांनी करते. ‘घरात साप आहे’ आणि ‘साप घरात आहे’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. पहिलं ऐकणाऱ्याला साप ही बातमी आहे. दुसऱ्यात सापाचं बोलणं आधीच चालू आहे, तो कुठे गेला एवढंच सांगायचंय. इंग्रजीत पहिला साप ‘अ स्नेक’, दुसरा ‘द स्नेक’. आपण हा फरक शब्दांच्या क्रमाने केला.

दुसरा हात प्रत्ययाचा. ‘आम्ही मुलगी शोधतोय’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, ‘मुलगा काय करतो?’ कारण ही लग्नासाठीची, अजून न ठरलेली मुलगी आहे. ‘आम्ही मुलीला शोधतोय’ म्हटलं की तोच माणूस घाबरून विचारतो, ‘कधीपासून सापडत नाहीये?’ पहिली ‘अ गर्ल’, दुसरी ‘द गर्ल’. एका ‘ला’ने एवढा फरक पडला. म्हणजे जाण आपल्यात पुरेपूर आहे. अडचण एवढीच, की प्रत्येक नामापाशी थांबून हा निर्णय करण्याची सक्ती मराठी करत नाही. बऱ्याच वाक्यांत ती तो मोकळा सोडते. इंग्रजी मोकळा सोडू देत नाही.

आता थोडा इतिहास, कारण तो इथे नियमापेक्षा जास्त उपयोगी पडतो. इंग्रजीतही हे शब्द पहिल्यापासून नव्हते. जुन्या इंग्रजीत ‘तो, ती, ते’ दाखवणारी दर्शक सर्वनामं होती. त्यांतलंच रूप झिजत झिजत आजचं ‘द’ झालं. ती जुनी सर्वनामं आणि संस्कृतातली ‘सः, सा, तत्’ ही एकाच मुळाची आहेत, आणि आपलं ‘तो, ती, ते’ही त्याच घरातलं. म्हणजे इंग्रजीचा ‘द’ हा आपल्या ‘तो’चा लांबचा भाऊ. ‘अॅन’ मुळात ‘वन’, म्हणजे एक. तेही झिजलं आणि व्यंजनापुढे त्याचा शेवटचा ‘न’ गळून ‘अ’ उरला. म्हणजे शाळेत शिकवतात त्याच्या उलट आहे. ‘अ’ला ‘न’ जोडलेला नाही, ‘अॅन’चा ‘न’ पडलेला आहे. या ‘न’ने गोंधळही घातले. आजचा ‘एप्रन’ पूर्वी ‘नेप्रन’ होता. लोक ‘अ नेप्रन’ ऐकून ‘अॅन एप्रन’ असं तोडू लागले आणि बिचाऱ्या शब्दाचं नाकच गेलं.

‘अ’ की ‘अॅन’ हा प्रश्न कानाचा आहे, स्पेलिंगचा नाही, हे यावरून लक्षात येईल. आणि इथेच देवनागरीचा फायदा. शब्दाचा इंग्रजी उच्चार देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘अॅन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अॅन इनामदार, अ वतनदार. ‘अवर’ म्हणजे तास, स्पेलिंग एचने सुरू होतं पण आपण ‘अ’ लिहितो, म्हणून अॅन अवर. ‘युनिव्हर्सिटी’चं स्पेलिंग यूने सुरू होतं, पण देवनागरीत ‘य’ आला, म्हणून अ युनिव्हर्सिटी. ‘एम. ए. डिग्री’तलं एम हे व्यंजन, पण नाव उच्चारताना सुरुवात ‘ए’ने होते, म्हणून अॅन एम. ए. डिग्री. एवढ्यावर हा भाग संपला. खरं अवघड आहे ते ‘अ’ की ‘द’ की काहीच नाही, हे ठरवणं.

त्यासाठी आपल्या उताऱ्याकडे परत येऊ. प्रत्येक नामापाशी एकच प्रश्न विचारायचा : ‘कोणतं?’ असं वाचकाने विचारलं, तर त्याच्याकडे या क्षणी उत्तर आहे का? उत्तर असेल तर ‘द’. नसेल आणि वस्तू मोजता येणारी, एकवचनी असेल तर ‘अ’. नसेल आणि नाम अनेकवचनी किंवा न मोजता येणारं असेल तर काहीच नाही. लक्षात घ्या, प्रश्न वाचकाच्या माहितीचा आहे, तुमच्या नाही.

गाव. कोणतं? आधी नाव आलंय. ‘द व्हिलेज’ बरोबर. देऊळ. कोणतं? वाचकाला ठाऊक नाही, आत्ताच कळतंय. म्हणून ‘देअर वॉज अ टेम्पल इन द व्हिलेज’. दुसऱ्या वाक्यात देऊळ ओळखीचं झालं, म्हणून ‘निअर द टेम्पल’. पण विहीर नवी, ‘वॉज अ वेल’. ओढा नवा, म्हणून ‘अ स्ट्रीम’.

ओढ्यापाशी ती अडली. म्हणाली, ‘ताई, ओढा एकच आहे ना पण!’ मी विचारलं, ‘कागदात लिहिलंय?’ ती थोडी हसली. तिच्या डोळ्यांपुढे स्वतःचं गाव होतं. तिथलं देऊळ, विहीर, ओढा तिला ‘कोणता’ म्हणून विचारावा लागत नाही. तिचे बरेचसे ‘द’ या ओळखीतून आले होते. कागद लिहिणाऱ्या कारकुनालाही ते सगळं ठाऊक होतं. पण प्रबंध वाचणाऱ्याला नाही. घरच्या माणसाशी बोलताना आपण ‘विहिरीवर जाऊन येते’ म्हणतो ते चालतं. परक्याला सांगताना आधी विहीर आहे हे सांगावं लागतं.

पुढे जमीन. इंग्रजीत ‘लँड’ या अर्थाने मोजत नाहीत, म्हणून पहिल्या उल्लेखाला काहीच नको : ‘गेव्ह लँड टु द टेम्पल’. एकच तुकडा होता असं कागदात असेल तर ‘अ पीस ऑफ लँड’. पुढच्या दोन्ही वाक्यांत तीच जमीन, म्हणून ‘द लँड’. वाद नवा, ‘अ डिस्प्यूट’. पंच नवे आणि अनेक, म्हणून नुसतं ‘आर्बिट्रेटर्स सॅट’. पुढच्या वाक्यात तेच लोक, ‘दि आर्बिट्रेटर्स’. (स्वरापुढे ‘द’चा उच्चार ‘दि’ होतो, लिहिताना फरक नाही.) निवाडा आधी ‘अ रूलिंग’, मग ‘द रूलिंग’. इनामाचा मराठी शब्द ठेवायचा तर ‘अॅज अॅन इनाम’. पंत सचिव हे पद एका वेळी एकाकडेच, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातल्या शंकराजी नारायणांपासून ते भोरच्या घराण्यात चालत आलेलं. वाचकाला त्या काळाचे पंत सचिव कोण हे शोधता येतं. म्हणून ‘द पंत सचिव’ बरोबर.

आता ‘ऑन द बँक ऑफ अ स्ट्रीम’मधला ‘द बँक’ बघा. ओढ्याला काठ दोन असतात. आपल्या प्रश्नाने पाहिलं तर इथे ‘अ’ यायला हवा होता. पण इंग्रजीत काठाला ‘द’च लावायची रीत आहे. अशा जागा आहेत, आणि त्यांना तर्क लावत बसू नका. वाचताना वहीत टिपून ठेवा.

हिशोब करा. अठरा ‘द’पैकी नऊ टिकले. आठ गेले. एक उरला, पाटलाचा.

‘पाटलाने देवळाला जमीन इनाम दिली.’ कोणत्या पाटलाने? मी तिला म्हटलं, ‘गावात पाटील एकच असतो, म्हणून द, हे तुझं म्हणणं. पण तुझ्या गावात पाटीलकी एकाच घरात होती, हे तुला कुठे सापडलं?’ ती गप्प झाली. पाटीलकी हे वतन होतं. वतन वारशाने वाटलं जायचं, गहाण पडायचं, विकलंही जायचं. एकाच गावच्या पाटीलकीच्या दोन-तीन तक्षिमा झालेल्या आणि मानपान कोणाचा पहिला यावरून भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलेले, अशा कागदांनी मराठी दप्तरं भरलेली आहेत. मराठी वाक्य याबद्दल काहीच सांगत नाही. ‘पाटलाने’ म्हणजे एकुलत्या पाटलाने असेल किंवा पाटलांपैकी एकाने. ‘द पाटील’ लिहिलं की वाचक समजतो, त्या गावात पाटील एकच होता. ‘अ पाटील’ लिहिलं की त्याला वाटतं, बहुधा एकापेक्षा जास्त होते.

आता तिच्या आराखड्याचं तिसरं पान. तिथे तिने लिहिलं होतं, की या गावात जमिनीच्या व्यवहाराची सूत्रं एकाच पाटील घराण्याकडे होती, आणि पुरावा म्हणून हेच भाषांतरित वाक्य दिलं होतं. म्हणजे ज्या ‘एकाच’ शब्दावर तिचा मुद्दा उभा होता, तो कागदातून आलेलाच नव्हता. तो तिने लाल खुणांच्या धास्तीने लावलेल्या ‘द’मधून आला होता. आपणच भाषांतरात घातलेली गोष्ट नंतर आपणच पुरावा म्हणून वाचतो. मूळ मराठी वाक्य बाजूला पडलं, की हे लक्षातही येत नाही.

हे फक्त विद्यार्थ्यांच्या वहीत होतं असं नाही. 22 नोव्हेंबर 1967 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 242 क्रमांकाचा ठराव केला. त्या वर्षीच्या जूनमधल्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलने सैन्य मागे घ्यावं, असं त्यात म्हटलं आहे. इंग्रजी मसुद्यात ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नाही. त्यामुळे इस्रायलच्या बाजूने म्हटलं गेलं, की सगळे प्रदेश असा अर्थ होत नाही. फ्रेंच मसुद्यात मात्र आर्टिकल मिसळलेला शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘ते, म्हणजे सगळे प्रदेश’ असाही लागतो. अरब बाजूने त्यावर बोट ठेवलं. तेवढ्या एका जागेवरून वाद अजून संपलेला नाही.

मग पाटलाचं करायचं काय? आम्ही असं केलं. आधी तोच कागद पूर्ण वाचला. शेवटी निशाण्या किंवा साक्षी असतात. तिथे पाटील म्हणून किती नावं आहेत, हे बघायचं. ‘निमे’, ‘तक्षीम’, ‘वडीलपण’, ‘धाकटेपण’ असे शब्द कुठे येतात का, तेही. मग त्याच गावचे आगेमागचे कागद. दोन पाटील सापडले तर ‘वन ऑफ द पाटील्स’ असं ठामपणे लिहा. त्या काळात सलग एकच नाव येत असेल तर ‘द पाटील’ लिहा आणि कशावरून, ते तळटीपेत द्या. काहीच सापडलं नाही तर देणाऱ्याचं नाव कागदात आहे का पाहा. नाव असेल तर त्याला आर्टिकल लागत नाही आणि प्रश्न टळतो. नावही नसेल तर ‘द’ किंवा ‘अ’ पैकी एक घ्यावाच लागेल. मग तळटीपेत मूळ मराठी वाक्य द्या आणि एक ओळ लिहा, की मूळात पाटील एक की अनेक हे स्पष्ट नाही. आणि त्या वाक्यावर पाटलांच्या संख्येचा कुठलाही निष्कर्ष उभा करू नका. तिच्या कागदात साक्षींमध्ये दोन नावांपुढे पाटील असं होतं. तिने तिसरं पान खोडलं. वाईट वाटलं तिला, पण मुलाखतीत कुणी विचारलं असतं तर जास्त वाईट वाटलं असतं.

निघण्याआधी तिने दोन शंका विचारल्या. त्या तुम्हालाही येतील.

पहिली विशेषनामांची. ‘वरवे बुद्रुक’ला ‘द’ लावायचा का? नाही. गावाचं नाव एकटं असेल तर काही लावायचं नाही. बुद्रुक आणि खुर्द हे शब्द फारसीतल्या मोठा आणि लहान या अर्थाच्या शब्दांवरून आले, पण ते नावाचे भाग झालेत, त्यांचं भाषांतर करू नका. मात्र सामान्यनाम पुढे आणून ‘ऑफ’ने नाव जोडलं की ‘द’ येतो : ‘द व्हिलेज ऑफ वरवे बुद्रुक’, ‘द प्रिन्सली स्टेट ऑफ भोर’, ‘द फोर्ट ऑफ राजगड’, ‘द ट्रीटी ऑफ सालबाई’. पण नुसतं ‘राजगड’, नुसतं ‘भोर’. नद्यांना नेहमी ‘द’ : ‘द नीरा’, ‘द गुंजवणी’. पदाचं तसंच आहे. ‘पेशवा बाजीराव’ असं पद नावाला चिकटलं की काही नाही. पद एकटं असलं की ‘द पेशवा’.

दुसरी शंका आपल्या रोजच्या शब्दांची. ‘आय अॅम डुइंग अ रिसर्च’ हे मी दर आठवड्याला ऐकते. ‘रिसर्च’, ‘एव्हिडन्स’, ‘इन्फर्मेशन’ ही इंग्रजीत न मोजता येणारी नामं आहेत. मराठीत आपण ‘एक पुरावा, दोन पुरावे’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘अॅन एव्हिडन्स’ लिहितो. मोजायचंच असेल तर ‘अ पीस ऑफ एव्हिडन्स’ म्हणा, आणि ‘अ रिसर्च’ऐवजी ‘अ स्टडी’. उलट ‘ती शिक्षिका आहे’ यात मराठीला ‘एक’ लागत नाही, पण इंग्रजीत ‘शी इज अ टीचर’ म्हणावंच लागतं. शोधनिबंध तपासताना मला सगळ्यात जास्त या दोनच चुका दिसतात.

तुमचा एखादा भाषांतरित परिच्छेद काढा आणि त्यातल्या प्रत्येक ‘द’वर पेन्सिलीने गोल करा. मग मूळ कागद शेजारी ठेवून प्रत्येक गोलापाशी ‘कोणता?’ असं विचारा. उत्तर परिच्छेदात आधी आलेलं असेल किंवा वाचकाला शोधता येणारं असेल तर पुढे जा. उत्तर फक्त तुमच्या डोक्यात असेल तर ‘द’ काढा. आणि उत्तर कुठेच नसेल, तर तो गोल तसाच राहू द्या आणि दप्तरात परत जा. शोधायची जागा तुम्हाला सापडलेली आहे.